तीन मजकूर, चौदा मिनिटांची फिल्म आणि पाच हजारांचा फरक

मित्राच्या मुलीने शॉर्टफिल्म केली. फिल्मला ‘दळण’ म्हणू. खरं नाव वेगळं आहे. लांबी चौदा मिनिटं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ध्वनिमिश्रण आणि इंग्रजी सबटायटल्स पूर्ण झाली, लिंकला पासवर्ड लागला. महोत्सवांना फिल्म गेली ती ऑगस्टच्या अखेरीस. मधले अकरा आठवडे कशात गेले? लॉगलाइन, सिनॉप्सिस आणि दिग्दर्शकाचं निवेदन, या तीन मजकुरांत. तिन्हींचे शब्द मोजले तर इंग्रजीत साडेतीनशेसुद्धा भरत नाहीत. पण त्या दिरंगाईची किंमत रुपयांत निघते, आणि ती काढण्यासाठीच हे लिहितोय.

महोत्सवांचं शुल्क तारखेप्रमाणे चढतं. फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळावर फिल्मचं पान फुकट तयार होतं. पैसे पडतात ते प्रत्येक महोत्सवाकडे प्रवेशिका पाठवताना. अर्ली बर्ड, रेग्युलर, लेट अशा तारखा असतात आणि दर तारखेला आकडा वाढतो. आमच्या यादीत सहा महोत्सव होते. दोघांना शुल्क नव्हतं. उरलेल्या चौघांचे अर्ली बर्ड दर होते 20, 25, 35 आणि 15 डॉलर, म्हणजे 95. हिशेबाला डॉलर 85 रुपयांचा धरला तर 8,075 रुपये. बँक परदेशी व्यवहारावर मार्कअप लावते. आमच्या कार्डाला साडेतीन टक्के होता, म्हणजे 283 रुपये, आणि त्या 283 वर अठरा टक्के जीएसटी, 51 रुपये. एकूण 8,409. प्रत्यक्षात आम्ही लेटच्या तारखेत पोचलो. तेच चार महोत्सव 35, 40, 55 आणि 25 डॉलरना पडले. बेरीज 155. फरक 60 डॉलर, म्हणजे 5,100 रुपये, शिवाय त्यावरचा मार्कअप. फिल्म तीच, लिंक तीच.

म्हणून पहिला सल्ला: मजकूर एडिट चालू असतानाच लिहायला घ्या. कलर आणि साउंडवाले आपापलं काम करत असतात तेव्हा दिग्दर्शकाला बसायला वेळ असतो. नंतर पोस्टर, ट्रेलर, स्टिल्स यांची घाई सुरू होते आणि निवेदनाचा रकाना रिकामा राहतो.

आता लॉगलाइन. पहिल्या मसुद्यात ती अशी होती: ‘एका ग्रामीण स्त्रीच्या जिद्दीची, नात्यांची आणि माणुसकीची हृदयस्पर्शी कथा.’ हे वाक्य निदान हजार फिल्मांना चिकटवता येईल. फिल्ममध्ये खरं काय घडतं ते मी तिला विचारलं. तिने एका दमात सांगितलं: सुमन गावात पिठाची गिरणी चालवते, वीजबिल थकलंय, संध्याकाळी वायरमन येऊन कनेक्शन तोडणार आहे, म्हणून ती उधारीची वही घेऊन वसुलीला निघते. आणि वहीत सगळ्यात मोठी रक्कम कुणाची? सासूची. जिने तिला नवरा गेल्यावर वाड्यातून बाहेर काढलं होतं, तिची.

एवढंच हवं होतं. लॉगलाइन झाली: ‘संध्याकाळी वीज तोडली जाण्याआधी गिरणीवाल्या सुमनला गावभराची उधारी वसूल करायची आहे, वहीत सगळ्यात मोठी थकबाकी आहे तिला घराबाहेर काढणाऱ्या सासूची.’ माणूस, निकड, मुदत आणि अडचण, सगळं एका वाक्यात. इंग्रजीत पंचवीस ते पस्तीस शब्दांत बसवा. तपासायची रीत सोपी आहे. वाक्य अशा माणसाला फोनवर वाचून दाखवा ज्याने फिल्म पाहिलेली नाही. त्याने ‘मग सासूने दिले का पैसे?’ असं विचारलं तर लॉगलाइन चालते. ‘छान आहे’ म्हणाला तर पुन्हा बसा.

सिनॉप्सिस पन्नास ते शंभर शब्दांचा पुरतो. फॉर्ममध्ये त्याला ब्रीफ सिनॉप्सिस म्हणतात आणि लॉगलाइन बहुतेक वेळा त्याच्याच पहिल्या ओळीत जाते. शेवट सांगायचा की नाही, यावर आमचा वाद झाला. ‘दळण’चा शेवट असा: सासू पैसे आणत नाही, दोन किलो बाजरी आणते, दळायला. सुमन पट्टा चढवते. बाजरी निम्मी दळून होते आणि वीज जाते. हे छोट्या सिनॉप्सिसमध्ये लिहू नये असं माझं मत. फिल्म निवडली गेली तर महोत्सव बऱ्याचदा हाच मजकूर जसाच्या तसा कॅटलॉगमध्ये छापतात, आणि प्रेक्षक थिएटरात बसण्याआधी तो वाचतात. त्यात सासू गिरणीच्या दारात उभी राहते इथपर्यंत यावं. मात्र काही फॉर्म वेगळा, दोनशे ते अडीचशे शब्दांचा सविस्तर सिनॉप्सिस मागतात. तो निवड समितीसाठी असतो. तिथे शेवट लपवला तर तिला वाटतं की कथेला शेवटच नाही. तिथे बाजरी आणि वीज दोन्ही लिहा.

सिनॉप्सिस बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: दिग्दर्शक कथेऐवजी अर्थ सांगायला लागतो. ‘ही फिल्म समाजाला आरसा दाखवते’ या वाक्यात काहीच घडत नाही. प्रत्येक वाक्यात कुणी तरी काही तरी करतंय ना, एवढं बघा. सुमन वही उघडते, सुमन वाड्याच्या दाराशी जाते, सासू दार लावते. बाकीचं काम फिल्म करेल.

सगळ्यात जास्त दिवस निवेदनाने खाल्ले, आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात. पहिला मसुदा ‘लहानपणापासून मला सिनेमाचं वेड होतं’ असा सुरू झाला. ते निवेदन नव्हे, परिचय. परिचयाचा रकाना वेगळा असतो. तो तृतीयपुरुषी, साधारण पाऊणशे शब्दांचा, आणि त्यात शिक्षण, आधीची कामं, गाव एवढं आलं की झालं. दुसऱ्या मसुद्यात तिने कथाच पुन्हा सांगितली. तिसऱ्यात आई-वडिलांचे, कॅमेरामनचे आणि गावकऱ्यांचे आभार होते.

शेवटी मी कागद बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, गिरणीच का? ती म्हणाली, ‘काका, माझ्या आत्याची गिरणी होती. चालू असली की आत काहीही ऐकू यायचं नाही. आत्या कुणाशीही बोलायची ती ओरडूनच, प्रेमानं बोलली तरी.’ मग कळलं की सासू-सुनेचं भांडण तिने पट्टा चालू ठेवून का चित्रित केलं, आणि ध्वनीवाल्याने नंतर संवाद स्वच्छ करून द्यायचं सुचवलं तेव्हा ती का नाही म्हणाली. निवेदन तिथेच होतं.

इंग्रजीत गेलेला मजकूर मराठीत साधारण असा: ‘माझी आत्या गिरणी चालवायची. तिथे राग आणि माया दोन्ही एकाच आवाजात, ओरडून सांगावी लागत. म्हणून या फिल्ममधलं महत्त्वाचं भांडण मी यंत्र चालू ठेवून चित्रित केलं. काही शब्द प्रेक्षकाला ऐकू येणार नाहीत, हे मला मान्य आहे. कॅमेरा गिरणीत असताना दाराबाहेर बघत नाही, कारण सुमनलाही तेवढी उसंत नाही. वीज गेल्यावर जी शांतता येते, तिच्यासाठी मी ही फिल्म केली.’ यात स्वतःचं कारण आहे, दोन ठोस निर्णय आहेत आणि एक धोका उघडपणे पत्करलेला आहे. संवाद ऐकू येत नाहीत हा तांत्रिक दोष समजला गेला असता, तो आता निर्णय म्हणून वाचला जातो. निवेदनाचा व्यवहारी उपयोग मला तरी हाच वाटतो. दीडशे ते अडीचशे शब्द पुरे; पाचशे कुणी वाचत नाही.

मग पैसे खर्च करायचे कुठे? लिहून घेण्यावर करू नका. एका एजन्सीने तिन्ही मजकूर आणि ‘महोत्सव पॅकेज’ मिळून बारा हजार सांगितले होते. नमुना मागवला तर ‘अ पॉवरफुल टेल ऑफ ह्यूमॅनिटी’. आपण नुकतंच फेकलेलं वाक्य इंग्रजीत परत विकत घेण्यासारखं ते होतं. त्याऐवजी मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट येणाऱ्या एका उपसंपादिकेला आम्ही तिन्ही मजकूर तपासायला दिले. अडीच हजार रुपये, दोन दिवस. तिने व्याकरणापेक्षा मोठी गोष्ट पकडली. आम्ही फिल्मचं इंग्रजी नाव ‘द ग्राइंड’ ठेवलं होतं. इंग्रजीत त्याचा रोजची रटाळ राबणूक असाही अर्थ होतो, हे आम्हाला माहीत होतं आणि आम्ही त्यावर खूशही होतो. ती म्हणाली, यामुळे वाचणारा फॅक्टरीतल्या कामगाराची फिल्म समजेल. शेवटी मूळ मराठी नाव रोमन लिपीत ठेवलं आणि लॉगलाइनमध्ये पिठाची गिरणी स्पष्ट लिहिली. तिने आणखी एक केलं: सबटायटल्समध्ये सुमनच्या गिरणीला एक शब्द होता आणि सिनॉप्सिसमध्ये दुसरा, ते एकसारखे केले. हे अडीच हजार मी पुन्हाही देईन.

प्रवेशिका पाठवण्याआधी कार्ड तपासा. नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावे लागतात. शेवटच्या तारखेच्या रात्री साडेअकराला हे कळतं. तारीख महोत्सवाच्या गावच्या घड्याळाप्रमाणे संपते की आपल्या, हेही बघून ठेवा. शुल्क सहसा परत मिळत नाही. आणि दरमहा भरणारा, डझनावारी पुरस्कार देणारा, जिंकल्यावर ट्रॉफीचे वेगळे पैसे मागणारा आणि कुठल्या थिएटरात फिल्म दाखवणार ते न सांगणारा ‘महोत्सव’ दिसला, तर पंधरा डॉलरही देऊ नका.

शुल्क माफीसाठी विचारायला मात्र लाजू नका. आम्ही चारपैकी दोघांना मेल केला होता: वर लॉगलाइन, खाली ‘विद्यार्थिनीची पहिली फिल्म, खर्च स्वतःचा’ एवढ्या दोन ओळी. एकाने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याने निम्मी सवलत देणारा कोड पाठवला, पण तो अर्ली बर्डच्या तारखेपर्यंतच चालणार होता, आणि तेव्हा आमचं निवेदन अजून आत्यापर्यंत पोचलंच नव्हतं.