नऊ हजारांचे बूट रोजचे कितीला पडतात?

प्रश्न : मी डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जातो. ऑफिसात काळे फॉर्मल बूट लागतात. दिवाळीच्या सुमारास चौदाशेचा जोड घेतो. मे संपेपर्यंत त्याचा जीव जातो. मध्ये एकदा सोल सुटतो, तेव्हा मोची शंभर रुपयांत चिकटवून शिवून देतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकचे सँडल असतात. परवा दुकानदाराने नऊ हजारांचा चामडी जोड दाखवला. ‘दहा वर्षं बघायला नको’ म्हणाला. हिशेबाने तो स्वस्त पडेल का? क्रेडिट कार्डावर घ्यावा म्हणतो. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दुकानदार वर्षं मोजतो, तुम्ही दिवस मोजा. बूट पायात असतात तेव्हाच पैसे वसूल होतात. पावसाळा, शनिवार-रविवार आणि रजा वजा केल्या, तर तुमचे बूट वर्षाला साधारण दीडशे दिवस वापरले जातात.

म्हणजे सध्याच्या जोडाचे 1,400 आणि मोचीचे 100 मिळून 1,500 रुपये, भागिले 150 दिवस. दिवसाला दहा रुपये. पॉलिश दोन्हीकडे लागतंच, म्हणून ते धरलेलं नाही. आता महागड्या जोडाला या दहा रुपयांच्या खाली यायचं आहे.

चांगला सोल तुमच्या चालण्याला चारशे दिवस पुरेल असं धरू. 9,000 भागिले 400 म्हणजे साडेबावीस रुपये. सोल झिजल्यावर जोड टाकून दिलात, तर सध्याच्या दुपटीहून जास्त खर्च झाला. पण सोल बदलता येत असेल, तर चित्र पालटतं. नव्या सोलचे 1,800 रुपये धरा. त्यात आणखी चारशे दिवस मिळतात, म्हणजे त्या दिवसांचा खर्च जेमतेम साडेचार रुपये. एकदा सोल बदलल्यावर एकूण सरासरी साडेतेरावर येते, दुसऱ्यांदा बदलल्यावर साडेदहावर आणि तिसऱ्यांदा बदलल्यावर नऊवर. तोवर सोळाशे दिवस, तुमच्या वापराने दहा वर्षांहून अधिक काळ, लोटलेला असतो. दुकानदार खोटं बोलत नाही, पण त्याची दहा वर्षं पूर्ण झाली तरच तुम्ही कसेबसे फायद्यात येता. तेवढ्यात चामड्याला चीर गेली, तर सगळा हिशेब बुडाला.

म्हणून मी गणित उलटं मांडतो. एकदाच सोल बदलायचा आणि आठशे दिवस वापरायचं, एवढीच अपेक्षा ठेवा. दहा रुपयांच्या दराने आठशे दिवसांचे 8,000 होतात. त्यातून सोलचे 1,800 काढले की उरतात 6,200. तुमच्यासाठी ही कमाल किंमत. साडेचार हजारांत तसा जोड मिळाला, तर दिवसाला आठ रुपयांच्या आतच पडेल. आकडे तुमच्या मोचीला विचारून बदला. रीत तीच राहील.

सगळी मदार सोल बदलता येण्यावर आहे, आणि तिथेच फसगत होते. शिवलेल्या बुटात वरचं चामडं आणि सोल यांच्यामध्ये कडेने चामड्याची एक पट्टी फिरते आणि तिच्यातून दोरा आरपार जातो. काही बुटांत मात्र ही शिलाई दिखाऊ असते. सोल नुसता चिकटवलेला असतो. बूट उलटा करा. कडेला दोरा दिसतो पण तळाला टाके नाहीत, तर शंका घ्या. तळाचे टाके खाचेत झाकलेलेही असू शकतात, त्यामुळे पैसे देण्याआधी मोचीला फोटो दाखवून ‘हा सोल बदलून द्याल का, किती घ्याल?’ असं सरळ विचारलेलं बरं.

वरचं चामडं टिकवायचं तर तोच जोड रोज घालू नका. लोकलच्या गर्दीत पायाला आलेला घाम चामड्यात मुरतो आणि तो सुकायला एक दिवस लागतो. आड दिवशी जुना जोड घाला. मग आठशे दिवस पुरे व्हायला दहा वर्षं लागतील, पण दिवसाचा खर्च तेवढाच राहतो. पावसाळ्यात बूट बंद खोक्यात कोंबले, तर बुरशी मात्र नक्की.

क्रेडिट कार्डाचं म्हणाल, तर पूर्ण बिल वेळेत भरणार असाल तरच. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागलं, तर 9,000 वर 315 रुपये जातात, वर व्याजावरचा जीएसटी वेगळा. तेवढ्यात तुमचे आत्ताचे बूट महिनाभर चालतात.

सेलमध्ये दोन जोड घेऊन एक ठेवून द्यायचा मोह झाला, तर सोल कशाचा आहे ते पाहा. पीयूचा सोल दमट हवेत न वापरताही काही वर्षांत भुगा होऊन गळतो. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. सवलत जितकी मोठी, तितकं ते आधी वाचा.