रमजानच्या गर्दीत तंदूर कसा सांभाळावा?

लहान हॉटेलांत तंदूर बहुधा एकच असतो आणि त्याच्यापुढे उभा राहणारा कारीगरही एकच. त्याच मातीच्या भांड्यात नान लावायचा आणि त्यातच टिक्क्याच्या सळया सोडायच्या. दोन्हींना लागणारी आच मात्र वेगळी. नान भाजला जातो तो भिंतीच्या उष्णतेवर, टिक्का भाजला जातो तो खालच्या निखाऱ्यांच्या धगीवर. निखारे लाल दिसतात म्हणून तंदूर तयार झाला असे मालक समजतात आणि पहिले चार नान भिंतीवरून गळून राखेत पडतात, त्याचे कारण हेच. निखारे अर्ध्या-पाऊण तासात लाल होतात. जाड मातीच्या भिंतीला ती उष्णता आत घ्यायला दीड ते दोन तास लागतात.

भिंत तयार झाली की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पेटवल्यानंतर भिंतीवर काजळी धरते आणि ती काळी पडते. भिंत तापत गेली की ही काजळी जळून जाते व माती पुन्हा पांढुरकी, राखाडी दिसू लागते. भिंत वरच्या भागापर्यंत पांढुरकी झाली की एक लहान नान लावून पाहावा. तो मिनिट-दीड मिनिटात फुगून वर डाग धरत असेल तर आच योग्य आहे. चिकटण्याआधीच घसरला तर भिंत थंड आहे. पाठ करपली आणि पोट कच्चे राहिले तर भिंत फार तापली आहे. अशा वेळी मिठाच्या पाण्याचा हलका शिपका भिंतीवर मारतात. शिपका म्हणजे ओंजळभर पाणी. तांब्याने ओतलेले पाणी तापलेल्या मातीला तडा देते. नान गळण्याचे आणखी एक कारण भिंतीत नसून पिठात असते. नानाच्या पाठीला कोरडे पीठ राहिले तर तो चिकटत नाही. गद्दीवर घेतल्यावर पाठीला पाण्याचा हात फिरवायचा, तो यासाठीच.

इंधन म्हणून लोणारी कोळसाच घ्यावा. दगडी कोळशाच्या धुरात गंधक असते आणि तो वास थेट अन्नाला लागतो. कोळसा कोरडा व मुठीएवढ्या तुकड्यांचा हवा. तळाशी बसलेला चुरा वाऱ्याची वाट अडवतो, म्हणून पोते उलटे करून ओतण्याची सवय मोडावी. रॉकेल टाकून पेटवणे तर अगदीच वर्ज्य. त्याचा वास पहिल्या घाण्यात हमखास उतरतो. आचेचा खरा कान तंदूरच्या खालच्या तोंडात आहे. ते पूर्ण उघडे ठेवले की वारा मिळून आच चढते, अर्धे झाकले की टिकते, बंद केले की उतरते. ज्या कारीगराला हे तोंड वापरता येते त्याला पुन्हा पुन्हा कोळसा टाकावा लागत नाही.

आता रमजानची एक संध्याकाळ घेऊ. समजा, हॉटेल चाळीस खुर्च्यांचे आहे आणि मगरिब पावणेसातला आहे. साडेचारला पाच किलो कोळसा पेटवला. साडेपाचला निखारे सारखे पसरले, भिंत अजून निम्मी काळी. सव्वासहाला भिंत पांढुरकी झाली. याच वेळी दोन-तीन किलो कोळसा मध्यभागी टाकून खालचे तोंड पूर्ण उघडावे. नवा कोळसा धूर सोडून लाल व्हायला वीस-पंचवीस मिनिटे घेतो. बहुतेक ठिकाणी चूक होते ती इथे. गर्दी सुरू झाल्यावर, आच उतरलेली पाहून कोळसा टाकला जातो. मग ऐन गर्दीत अर्धा तास धूर, मलूल नान आणि टेबलावर बसलेली माणसे ताटकळतात.

इफ्तारच्या घटकेला खजूर आणि फळे होतात, मग नमाज. नानाची खरी मागणी सातनंतर येते. कारीगरही रोजेदार असतो, त्यालाही रोजा सोडायचा असतो. म्हणून पावणेसातला खालचे तोंड अर्धे झाकावे, वर झाकण थोडी फट ठेवून घालावे. पंधरा-वीस मिनिटे आच जागेवर राहते. परत आल्यावर आधी टिक्क्याच्या सळया सोडाव्यात, त्या निघाल्या की नान लावावेत. चरबी निखाऱ्यावर गळून भडका उठतो; त्या वेळी भिंतीवर नान असतील तर त्यांना काजळी बसते.

सळई तंदूरच्या खोलीपेक्षा हातभर लांब हवी. टोकाकडची वीतभर जागा मोकळी सोडावी, कारण तिथे धग सर्वांत जास्त असते. शेवटी कांद्याची किंवा बटाट्याची जाड चकती टोचावी म्हणजे मांस खाली सरकत नाही. दोन तुकड्यांत बोटभर अंतर हवे. चिकटून बसलेले तुकडे बाहेरून लाल आणि जोडावर कच्चे राहतात. खिम्याच्या सीख कबाबाला चौकोनी जाड सळई घ्यावी. गोल सळईवर खिमा फिरतो आणि गळतो. बिनहाडाचा टिक्का आठ-दहा मिनिटांत होतो. हाडाचे अर्धे कोंबडे पंधरा-वीस मिनिटे घेते. मध्ये एकदा बाहेर काढून पाच मिनिटे टांगावे, तूप लावावे, मग पुन्हा सोडावे. मांडीच्या सांध्याशी टोचल्यावर निघणारा रस गुलाबी असेल तर ते परत आत गेले पाहिजे. गर्दी वाचवण्यासाठी दुपारीच अर्धे भाजून ओट्यावर ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे; ती सोडावी. कोमट अर्धकच्च्या कोंबडीत जंतू झपाट्याने वाढतात. कच्च्या सळयांचा आणि तयार सळयांचा स्टँडही वेगळाच हवा.

तंदूर आवरायचा तो रात्री आणि सकाळी असा दोन वेळा. रात्री खालचे तोंड आणि वरचे झाकण पूर्ण बंद केले की उरलेला कोळसा विझतो व दुसऱ्या दिवशी वापरता येतो. पण विझताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. अनेक हॉटेलांत पोरे रात्री भटारखान्यातच अंथरूण टाकतात, विशेषतः थंडीत, तंदूरच्या उबेला. हे मालकाने स्वतः उभे राहून बंद करावे. झोपायची जागा वेगळी, आणि भटारखान्याची खिडकी रात्रभर उघडी.

सकाळी राख लांब पळीने काढून चाळावी. वापरण्याजोगा कोळसा बाजूला काढावा. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच टाकावी, आत निखारा धुमसत असू शकतो. भिंतीला चिकटलेले नानाचे तुकडे खुरप्याने हलके काढून, भांडे कोमट असताना ओल्या गोणपाटाचा बोळा काठीला बांधून फिरवावा. साबण लावू नये, माती तो पिते. केसाएवढ्या चिरा पडतातच. चिरेत नखाचे टोक जाऊ लागले की चिकणमाती, मीठ आणि बारीक कुट्टी कालवून भरावी, सावलीत वाळवावी आणि त्या दिवशी आच हळू चढवावी. सळया गरम पाण्यात भिजवून घासाव्यात, कोरड्या करून तेलाचे बोट लावावे; वाकलेली सळई सरळ होत नसेल तर बाजूला काढावी.

मुंबईतील हॉटेलवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. हवेच्या प्रदूषणामुळे महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोळशावर तंदूर चालवणाऱ्या अनेक हॉटेलांना ८ जुलैपर्यंत इंधन बदलण्याच्या नोटिसा दिल्या. गॅसवरच्या तंदूरात भांडे मातीचेच असते, त्यामुळे भिंतीची परीक्षा नान लावूनच करायची. तिथे कारीगराला नवीन शिकावे लागते ते एवढेच की बर्नरवर लोखंडी झाकपट्टी नीट बसली आहे की नाही हे रोज पाहावे, नाही तर गळणारी चरबी आणि नानाचे तुकडे छिद्रे बुजवतात. आणि पेटवताना झाकण काढलेले हवे, आधी ज्योत, मग गॅसची चावी.