आडवी झालेली अकरा पानं

पुण्यातल्या एका अनुवादिकेनं पाणीपुरवठ्याचा ४२ पानी अहवाल लिब्रेऑफिस रायटरमध्ये तयार केला होता. संपादकांना वर्डची फाइल हवी होती. शनिवारी रात्री तिनं ‘सेव्ह अ‍ॅज’मधून docx निवडलं, तीच फाइल रायटरमध्ये उघडून पाहिली, सगळं जागच्या जागी दिसलं आणि मेल गेली.

सोमवारी फोन आला. “मॅडम, पहिली अकरा पानं आडवी कशी?”

बारावं पान मुद्दाम आडवं होतं, त्यावर सात रकान्यांचा तक्ता होता. रायटरमध्ये उभ्या आणि आडव्या पानांसाठी वेगवेगळ्या पानशैली असतात. वर्डमध्ये पानशैली हा प्रकारच नाही. त्यामुळे रूपांतरात तिथं ‘सेक्शन ब्रेक’ येतो, आणि विभागाचा आकार, दिशा, समास ही सगळी माहिती त्या विभागाच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. संपादकांनी रिकामी ओळ समजून तो ब्रेक पुसला. मागची अकरा पानं पुढच्या विभागाला चिकटली आणि त्याच्यासारखी आडवी झाली. रूपांतरात चूक नव्हती, पण ब्रेक कुठे आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तक्त्याचं दुखणं वेगळं निघालं. तिच्या लिनक्सवर मजकूर लोहित देवनागरीत होता आणि संपादकांच्या विंडोजवर तो फाँटच नव्हता. वर्डनं न विचारता दुसरा घेतला. अक्षरं थोडी रुंद झाली, अरुंद रकान्यांत ‘ग्रामपंचायत’ दोन ओळींत मोडलं, ओळी उंच झाल्या आणि शेवटची ओळ पुढच्या पानावर गेली. शैलीचं नाव मात्र तेच राहिलं होतं, म्हणून शैलींच्या यादीत काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं.

“मी रायटरमध्येच तपासलं, तिथंच फसले,” ती सांगते. ज्या रायटरनं फाइल लिहिली त्यालाच ती परत वाचायला दिली, तर तो आपलं लिहिलेलं वाचणारच!

आता ती आधी तक्ते मोजते. odt आणि docx दोन्ही मुळात झिपच असतात:

```
unzip -p ahwal.odt content.xml | grep -o '<table:table ' | wc -l
unzip -p ahwal.docx word/document.xml | grep -o '<w:tbl>' | wc -l
```

दोन्हीकडे ९ आले, की तक्ते गळाले नाहीत एवढंच कळतं. ते सरकले का, हे नाही. त्यासाठी मूळ odtची पीडीएफ काढून ती वर्ड असलेल्या संगणकावर docxशेजारी ठेवायची. वर्डमध्ये ¶ चिन्ह चालू करायचं, म्हणजे प्रत्येक सेक्शन ब्रेक डोळ्यांसमोर येतो. नेव्हिगेशन पेनमध्ये जे शीर्षक दिसत नाही, ते बहुधा हेडिंग शैली न लावता नुसतंच ठळक केलेलं असतं. तो दोष रूपांतराचा नाही, मूळ फाइलचाच.

फाँटचा प्रश्न तिनं सोडवला तो रायटरच्या फाइल, प्रॉपर्टीज, फाँटमध्ये जाऊन, फाँट दस्तऐवजात अंतर्भूत करण्याच्या खुणेनं. फाइल जड झाली. मेलमध्ये तिनं एक ओळही जोडली: पान १२च्या आधीचा आणि नंतरचा ब्रेक पुसू नये.