बर्फयंत्राची स्वच्छता : आधी क्षार, मग जंतू

बंगळूर शहराला कावेरीचे पाणी मिळते. परंतु ते सर्वत्र पुरेसे पोहोचत नाही. त्यामुळे अनेक उपाहारगृहांना कूपनलिकेच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. कठीण खडकांच्या भेगांत साठलेल्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात.

पाणी गोठताना स्फटिक क्षारांना बाहेर ढकलतो, म्हणून यंत्राच्या कुंडात उरलेले पाणी अधिकाधिक क्षारयुक्त होत जाते. समजा, पाण्याची कठीणता लिटरला 400 मिलिग्रॅम आहे. मग 100 लिटर पाण्याबरोबर 40 ग्रॅम चुनखडीइतके क्षार यंत्रात येतात. त्यांपैकी काही सांडपाण्याबरोबर जातात, तर काही थंड पत्र्यावर पांढऱ्या थराच्या रूपाने चिकटतात. हा थर खरखरीत असतो. त्याच्या खाचांत जंतू घर करतात आणि बुळबुळीत साका धरतो. गोठल्याने सर्व जंतू मरतात, हा समज चुकीचा आहे. शिवाय कोळशाची गाळणी क्लोरिनचा वास काढते, पण त्याबरोबर पाण्याचे संरक्षणही काढून घेते.

म्हणूनच क्रमाला महत्त्व आहे. थर तसाच ठेवून जंतुनाशक ओतले, तर ते खाचांपर्यंत पोहोचत नाही; साक्यातील सेंद्रिय द्रव्यच क्लोरिन खाऊन टाकते. प्रथम यंत्र थांबवून साठ्यातील सर्व बर्फ फेकून द्यावा. नंतर उत्पादकाने सांगितलेला, पत्र्याच्या निकेल मुलाम्याला न खाणारा आम्लद्राव सुमारे अर्धा तास फिरवावा, आणि तो स्वच्छ पाण्याने पूर्णपणे धुऊन काढावा. आम्ल व क्लोरिन एकत्र आल्यास विषारी वायू सुटतो. येथे घाई जिवावर बेतू शकते. त्यानंतर सुटे भाग, कुंड, पेटी व दाराचे रबर साबणाने घासावे.

आता जंतुनाशनाची पाळी येते. सोडियम हायपोक्लोराइटचा द्राव पाच टक्क्यांचा असेल, तर 10 लिटर पाण्यात 40 मिलिलिटर पुरतो. त्यातून लिटरला सुमारे 200 मिलिग्रॅम क्लोरिन मिळते. जुन्या बाटलीतील द्रावाची शक्ती घटलेली असते, म्हणून चाचणीपट्टीने प्रमाण पाहावे. पृष्ठभाग काही मिनिटे ओले ठेवून द्राव निथळू द्यावा. प्रमाण वाढविल्यास धातू गंजतो व बर्फाला वास येतो. पहिल्या फेऱ्यांचा बर्फ टाकून द्यावा.

बर्फाचे खडे लहान, पोकळ वा उशिरा सुटू लागले, तर क्षार साचल्याची शंका घ्यावी. चवीसाठी सोपी कसोटी अशी : स्वच्छ पेल्यात बर्फ वितळवून त्याचा वास यंत्रात येणाऱ्या पाण्याशी ताडून पाहावा. पाणी निर्दोष व बर्फ कुबट असल्यास दोष यंत्रात किंवा पेटीत आहे. दोन्ही सारखेच असतील, तर यंत्र कितीही घासले तरी उपयोग नाही; पाण्यावरच उपाय करावा लागतो.

पेयांच्या नळ्यांनाही हाच नियम लागू पडतो. मात्र तेथे साका साखर व प्रथिनांचा असल्याने तो आधी अल्कलीने काढावा लागतो, आणि जंतुनाशन त्यानंतरच करावयाचे असते.