अभ्यासाचं पान : धपाटे पिठाचं पाकीट दुकानात जाईपर्यंत

मैत्रिणींनो, आपल्यातल्या काही जणी घर-गट सांभाळून बी.कॉम. करतायत, तर काहींच्या लेकी कॉलेजात आहेत. विपणनाच्या पेपरात 'नवीन उत्पादन विकासाचे टप्पे सांगा' हा प्रश्न हमखास येतो. टप्पे आठ आहेत : कल्पना निर्मिती, कल्पनांची छाननी, संकल्पना विकास व चाचणी, विपणन धोरण, व्यवसाय विश्लेषण, उत्पादन विकास, चाचणी विपणन आणि व्यापारीकरण म्हणजे बाजारात आणणं. ही यादी पाठ होते, पण परीक्षेत उदाहरण द्यायची वेळ आली की पेन अडतं. म्हणून आज एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. गट कल्पनेतला आहे, पण हिशोब आपल्या रोजच्या कामातलाच आहे.

समजा, दहा जणींच्या गटाने बैठकीत पाच कल्पना लिहिल्या : पापड, बाजरीचं तयार पीठ, नाचणीचे लाडू, शेंगदाणा चटणी आणि ज्वारीचं मसाला धपाटे पीठ. इथे कल्पना निर्मिती झाली. या टप्प्यात जितक्या कल्पना येतील तितक्या येऊ द्यायच्या, कुणाचीही खोडायची नाही.

खोडायचं काम छाननीत. त्यासाठी आधी प्रश्न ठरवायचे : कच्चा माल गावात मिळतो का? आपल्याकडच्या साधनांत होतं का? माल टिकतो का? बाजारात गर्दी किती? प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी गुण द्यायचे आणि बेरीज करायची. बाजरीचं पीठ 'टिकतो का' इथेच पडलं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे दळल्यावर थोड्याच दिवसांत पीठ कडू लागतं, हे आपल्याला घरातच माहीत आहे. पापडाला गर्दी फार, शिवाय पावसाळ्यात वाळवण बंद. सगळ्यांत जास्त गुण धपाटे पिठाला मिळाले.

छाननीत दोन चुका होतात आणि परीक्षेत त्या विचारतात. चांगली कल्पना टाकून देणं ही एक, आणि वाईट कल्पना पुढे जाऊ देणं ही दुसरी. गटात दुसरी जास्त घडते, कारण कल्पना अध्यक्षताईंची असली की कुणी बोलत नाही. म्हणून गुण चिठ्ठीवर, नाव न लिहिता द्यावेत.

आता कल्पना आणि संकल्पना यांतला फरक. 'धपाटे पीठ' ही आपली कल्पना. 'सकाळी नोकरीला जाणाऱ्या बाईसाठी, फक्त पाणी घालून मळायचं, दहा मिनिटांत डबा होईल असं ५०० ग्रॅमचं पाकीट' ही गिऱ्हाइकाच्या भाषेतली संकल्पना. ती तालुक्याच्या गावातल्या तीस-चाळीस अनोळखी बायकांना सांगून विचारायचं, 'घ्याल का? किती रुपयांपर्यंत?' शेजारणींना विचारू नका. त्या तोंडावर नाही म्हणत नाहीत.

यानंतर विपणन धोरण : माल कुणासाठी, किंमत किती, विकायचा कुठून. गटाने छापील किंमत १०० रुपये ठरवली आणि दुकानदाराला २० रुपये सोडले. म्हणजे गटाच्या हातात ८० आले.

मग व्यवसाय विश्लेषण. एका पाकिटाला धान्य-मसाला ४२ रुपये, दळण ४, पिशवी व लेबल ६ आणि मजुरी ८, असा ६० रुपये खर्च. ८० मधून ६० गेले, उरले २०. खोलीचं भाडं, लाइट बिल, पॅकिंग मशीनचा हप्ता असा महिन्याचा ठरलेला खर्च ६,००० रुपये. ६,००० भागिले २० म्हणजे ३०० पाकिटं. हा समतोल बिंदू. महिन्याला ३०० पाकिटं गेली तर ना नफा ना तोटा.

इथे आपल्या बायकांची एक सवय नडते. 'मजुरी कसली धरायची, आपणच तर करतो!' म्हणून ते ८ रुपये सोडून दिले की पाकिटामागे २८ उरल्यासारखे दिसतात आणि समतोल बिंदू २१५ वर येतो. कागदावर धंदा सोपा दिसतो, गट अंतर्गत कर्ज काढून मोकळा होतो आणि सहा महिन्यांनी फुकट राबून कंटाळलेल्या बायका एकेक करून यायच्या बंद होतात. मजुरी हा खर्चच आहे.

हिशोब पटला तरच उत्पादन विकासाकडे जायचं, कारण इथून खरा पैसा लागतो. गटाने आधी थोडं थोडं पीठ करून पाहिलं. तीळ कुटून घातलेल्या पिठाला काही आठवड्यांत खवट वास आला, म्हणून तीळ अख्खे ठेवले. टिकाऊपणा बघायचा तर एकाच दिवशी भरलेली पाकिटं ठेवून दर पंधरा दिवसांनी एक फोडायचं, वास-चव बघायची आणि तारखेसह वहीत लिहायचं. अन्न परवान्याचा नंबर, वजन, किंमत, तारीख या गोष्टी चाचणीच्या पाकिटावरही लागतात. 'आधी विकून बघू, मग परवाना काढू' हे चालत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा चाचणी विपणन. खरी किंमत, खरं दुकान, खरं गिऱ्हाईक, पण क्षेत्र लहान. गटाने तीन दुकानांत पाकिटं ठेवली आणि घेणाऱ्यांचे फोन नंबर दुकानदाराकडून वहीत लिहून घेतले. पहिल्या महिन्यात १०० घरांनी पाकीट नेलं. सगळ्या खूश! पण दुसऱ्या महिन्यात त्यातली फक्त १८ घरं परत आली.

चाचणीत हे दोन आकडे वेगवेगळे वाचायचे असतात : पहिली खरेदी आणि पुन्हा खरेदी. पहिली जास्त, पुन्हा कमी, तर दोष मालात आहे. पहिली कमी, पण नेणारे पुन्हा येतात, तर माल चांगला आहे, लोकांपर्यंत पोचला नाही. दोन्ही कमी, तर थांबायचं. दोन्ही चांगल्या, तर पुढे जायचं.

गटाने फोन करून विचारलं. उत्तर एकच, 'धपाटे थापताना तुटतात.' ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. आपण सवयीने गरम पाण्यात मळतो, पण नव्या सुनेला ते कोण सांगणार? पिठात थोडा गहू वाढवला, पाकिटावर 'गरम पाण्यात मळा' असं मोठ्या अक्षरांत छापलं आणि चाचणी पुन्हा घेतली. आता १०० नव्या घरांपैकी ४६ परत आली, आणि तीन दुकानांतून महिन्याला ११० पाकिटं जाऊ लागली.

चाचणीला मर्यादाही आहेत. वेळ आणि पैसा जातो, आणि तेवढ्यात दुसरा कुणी नक्कल करू शकतो. म्हणून खर्च कमी आणि नक्कल सोपी असेल तर काही जण हा टप्पा लहान करतात. पण गटाने सरळ हजार पाकिटं भरली असती, तर पिठातला दोष हजार घरांत गेला असता.

शेवटी व्यापारीकरण. इथे चार प्रश्न : केव्हा, कुठे, कुणाला, कसं. केव्हा? रब्बी ज्वारीची काढणी झाल्यावर, धान्य स्वस्तात भरून. कुठे? तीन दुकानांत ११०, म्हणजे दुकानामागे साधारण ३७. मग ३०० ओलांडायला नऊ दुकानं हवीत. म्हणून एकाच तालुक्यात नऊ दुकानं, जिल्हा नंतर. कुणाला? आधी त्या ४६ घरांसारख्या नोकरदार घरांना. कसं? दुकानासमोर तवा मांडून, गरम धपाटं हातावर ठेवून.

परीक्षेत लिहिताना आठही टप्प्यांची नावं क्रमाने द्या, प्रत्येकाखाली दोन-तीन वाक्यं लिहा आणि एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवा. टप्पा बदलला की उदाहरण बदलू नका.

सरावासाठी : दुकानदाराने २० ऐवजी २५ रुपये मागितले, तर समतोल बिंदू किती होईल? वहीत सोडवा आणि पुढच्या बैठकीत एकमेकींचं उत्तर ताडून बघा.