ऑड्स रेशो 2 म्हणजे दुप्पट प्रमाण नव्हे

प्रश्न: मी हैदराबादला एमपीएच करते. स्त्रियांमधील रक्तक्षयावरच्या माझ्या प्रबंधात कमी शिकलेल्या गटाचा ऑड्स रेशो 2 आला. मी ‘रक्तक्षय दुप्पट’ असं लिहिलं, ते मार्गदर्शकांनी खोडलं. का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: त्यांनी खोडलं ते योग्यच केलं. समजा, शिकलेल्या 100 जणींपैकी 60 जणींना रक्तक्षय आहे आणि 40 जणींना नाही. 60 भागिले 40, म्हणजे ऑड्स 1.5. कमी शिकलेल्यांत 75 जणींना आहे, 25 जणींना नाही, ऑड्स 3. तीन भागिले दीड, ऑड्स रेशो 2. पण प्रमाण 60 वरून 75 टक्क्यांवर गेलं, म्हणजे फक्त सव्वापट!

आजार दुर्मीळ असला की ही तफावत जवळपास उरत नाही. 1 आणि 2 टक्के घेतले, तर ऑड्स रेशो 2.02 येतो. रक्तक्षय मात्र दुर्मीळ नाही. ‘एनएफएचएस-5’नुसार तेलंगणात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये तो 57.6 टक्के आहे. त्यामुळे तुमच्या विषयात ही गफलत हमखास होते.

‘इतर घटक सारखे धरले असता रक्तक्षयाचे ऑड्स दुप्पट’ असं लिहा आणि 95 टक्के विश्वासांतर द्या. त्यात 1 येत असेल, तर फरक आहे असं ठामपणे म्हणू नका. शिवाय मॉडेलवरून दोन्ही गटांचं अंदाजित टक्केवारीतलं प्रमाण काढा; स्टाटामध्ये `margins` ही आज्ञा ते देते. वाचकासाठी हेच आकडे तक्त्यात आधी ठेवा.