सूसच्या पावसात टिकणारं फाटकाचं कुलूप

सूसला जूनमध्ये पाऊस सुरू झाला की उघड्यावरच्या फाटकाचं कुलूप चार महिने भिजतं. तेव्हा दुकानात जाण्याआधी फाटकापाशी या. सोबत टेप घ्या.

१. कोयंड्याचं भोक मोजा. ते १० मिमी असेल तर ८ मिमी जाडीची दांडी घ्या. घट्ट बसणारी घेतलीत, तर गंज चढल्यावर ती अडकेल.

२. कुलूप कसं लटकेल ते पाहा. किल्लीचं भोक खाली, जमिनीकडे राहायला हवं. आडवं राहत असेल तर आधी वेल्डरकडून कोयंडा बदलून घ्या, नाहीतर महागडं कुलूपही आतून कुजेल.

३. दुकानात आधी बॉडी निवडा: भरीव पितळी. पत्र्याच्या चकत्या रिव्हेटने जोडलेलं कुलूप दणकट दिसतं, पण त्या फटींत पाणी साचून राहतं. पावसात मी तरी ते टांगणार नाही.

४. बॉडीच्या खालच्या कोपऱ्याला लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर आत लोखंड आणि वर नुसता पितळी मुलामा. दांडीजवळ मात्र लावू नका. आतल्या पोलादी भागांमुळे तिथे खरं पितळही फसवतं.

५. आता दांडी ठरवा. इथे घाई नको. स्टेनलेस स्टीलची दांडी सहसा गंजत नाही, पण साधी स्टेनलेस कापायला सोपी. कडक केलेल्या पोलादाची दांडी कापायला अवघड, पण तिच्यावरचा क्रोमचा मुलामा कोयंड्याशी घासून उडतो. तिथून तांबूस ओघळ सुरू होतो आणि गंज बॉडीच्या भोकात उतरतो. घरात माणसं राहत असतील तर स्टेनलेस घ्या. प्लॉट रिकामा पडून असेल तर कडक पोलाद घ्या, आखूड दांडीचं. लांब दांडीत कटर सहज शिरतो.

६. काउंटरवरच किल्ली फिरवून दांडी उघडून पाहा. कोरं असतानाच अडकत असेल तर परत करा.

७. टांगण्याआधी किल्लीच्या भोकात आणि दांडीच्या दोन्ही भोकांत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडा. खोबरेल नको, थंडीत ते गोठतं आणि किल्ली अर्ध्यावर थांबते.

८. कुलपाच्या वर जुन्या ट्यूबचा तुकडा झडपेसारखा स्क्रूने लावा. प्लास्टिकची पिशवी गुंडाळू नका, आत वाफ कोंडते.

९. पावसाळ्यात दर महिन्याला तेलाचा थेंब द्या. क्रोमची दांडी असेल तर त्याच वेळी कोयंड्याला टेकणारी जागा बोटाने चाचपा. खरखरीत लागली तर घासून पुसा आणि तिथेही तेलाचं बोट फिरवा.